धर्म विचारताना: वर्गातील सर्वेक्षणाची प्रश्नावली कशी आखावी

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्ष कला शाखेच्या समाजशास्त्राच्या वर्गात एका गटाचे प्रकल्प-सादरीकरण सुरू होते. विषय होता ‘महाविद्यालयीन युवकांची धार्मिकता’. प्रश्नावलीत नाव विचारलेले नव्हते, हजेरी क्रमांक नव्हता आणि पहिल्याच ओळीत ‘आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. चौथ्या स्लाइडवर धर्म आणि लिंग यांचा एकत्र तक्ता आला. त्यातील एका ओळीत ‘जैन, स्त्री: १’ असे होते आणि त्याच ओळीत पुढे ‘व्रत-उपवास निरर्थक वाटतात: १’. क्षणभर कोणाच्या लक्षात आले नाही. मग अर्ध्या वर्गाने माना वळवून तिसऱ्या बाकाकडे पाहिले. त्या प्रश्नावलीवर मार्गदर्शक म्हणून सही माझी होती.

त्या दिवसानंतर मी विद्यार्थ्यांना प्रश्नावली प्रश्नांपासून सुरू करू देत नाही. वर्गमित्रांचे सर्वेक्षण आणि शहरातील अनोळखी माणसांचे सर्वेक्षण यांत मूलभूत फरक असा की, वर्गात उत्तर देणारा, उत्तर वाचणारा आणि तक्ता पाहणारा हे सगळे एकमेकांना ओळखतात. अशा ठिकाणी नाव न विचारल्याने ओळख लपत नाही. लिंग, धर्म, गाव, वसतिगृह असे तीन-चार निरुपद्रवी वाटणारे रकाने एकत्र आले की माणूस उघडा पडतो. म्हणून ज्या रकान्यातून कोणताही निष्कर्ष निघणार नाही, तो रकाना प्रश्नावलीत ठेवायचाच नाही, हा नियम मी सर्वांत वर ठेवते.

पहिली पायरी: तक्ते आधी, प्रश्न नंतर

कोऱ्या कागदावर प्रकल्प अहवालात येणारे तक्ते आकडे न भरता आखून घ्यावेत. उदाहरणासाठी आपण एक ठरावीक प्रकल्प घेऊ: ७२ विद्यार्थ्यांचा तृतीय वर्षाचा वर्ग आहे आणि विषय आहे ‘स्वतःचे धर्माचरण आणि वेगळ्या धर्माच्या व्यक्तींशी व्यवहार करण्याविषयीचा दृष्टिकोन’. या प्रकल्पाला तीनच तक्ते पुरतात. पहिल्यात गेल्या महिन्यातील धर्माचरण, दुसऱ्यात वेगवेगळ्या प्रसंगी ‘हरकत आहे’ किंवा ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या, आणि तिसऱ्यात त्याच प्रसंगी ‘माझे मत’ आणि ‘घरच्यांचे मत’ यांतील अंतर.

आता प्रत्येक तक्त्याच्या उभ्या रकान्यांकडे पाहावे. विद्यार्थी इथे हमखास ‘धर्म’ हा रकाना घालतात. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार हिंदू सुमारे ८० टक्के, मुस्लिम साडेअकरा टक्के, बौद्ध सुमारे ६ टक्के, जैन सव्वा टक्का आणि ख्रिश्चन एक टक्क्याच्या आसपास आहेत. हेच प्रमाण ७२ जणांच्या वर्गाला लावले, तर साधारण ५७ हिंदू, ८ मुस्लिम, ४ बौद्ध आणि एखाद-दुसरा जैन किंवा ख्रिश्चन विद्यार्थी येतो. प्रत्यक्षातला वर्ग याहून बराच वेगळा असू शकतो, पण चित्र कळते. चार जणांपैकी एकाने उत्तर बदलले की टक्केवारी एकदम २५ ने हलते; तेव्हा ‘बौद्ध विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन’ असे काही त्या चौघांवरून सांगता येणार नाही. म्हणजे हा रकाना शास्त्राच्या दृष्टीने काहीच देत नाही आणि त्या चौघांना मात्र उघडे पाडतो. एका वर्गापुरत्या प्रकल्पात धर्माचे नाव विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मॅडम, मग धर्मावरचा प्रकल्प कसला?’ असे मला दर वर्षी कोणीतरी विचारते. धर्म माणसाच्या आयुष्यात किती आणि कुठे येतो, हे विचारायला तो कोणता धर्म आहे हे कळण्याची गरज नसते.

मार्गदर्शकांचा आग्रहच असेल, तर अनेक महाविद्यालये मिळून काही शेकडा उत्तरे जमणार असतील तेव्हाच हा प्रश्न घ्यावा, आणि तेव्हाही ‘तुम्ही स्वतःला कोणत्या धर्माचे मानता?’ असाच विचारावा. दाखल्यावर लिहिलेला धर्म आणि घरी पाळला जाणारा धर्म महाराष्ट्रात अनेक कुटुंबांत एक नसतात. १९५६ मध्ये नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांतही कागदोपत्री वेगळी नोंद आढळते, आणि त्या नोंदीशी शिष्यवृत्तीचा, जातीच्या दाखल्याचा प्रश्न जोडलेला असतो. ‘दाखल्यावरील धर्म’ हा रकाना पाहून विद्यार्थ्याच्या पोटात गोळा का येतो, हे ज्याला असा दाखला काढावा लागलेला नाही त्याच्या लक्षात येत नाही. जात मात्र कोणत्याही परिस्थितीत विचारू नये. गाव, तालुका, आडनाव आणि वडिलांचा व्यवसाय हे रकाने तिच्याकडेच नेणारे असतात, म्हणून तेही नकोत.

आमच्या उदाहरणात त्यामुळे वैयक्तिक माहितीचे दोनच प्रश्न उरले: लिंग आणि सध्याचे राहणे (घरी की घराबाहेर). तेही प्रश्नावलीच्या शेवटी ठेवले, आणि दोन्हींत ‘सांगायचे नाही’ हा पर्याय दिला.

दुसरी पायरी: परवानगी आणि वय

प्रश्न लिहिण्याआधी मार्गदर्शकांची आणि त्यांच्यामार्फत प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी. महाविद्यालयात संशोधन नीतिशास्त्र समिती असेल तर मसुदा तिच्यापुढे ठेवावा. परवानगीच्या अर्जाला प्रश्नावलीचा अंतिम मसुदा जोडावा. नुसता विषय लिहून घेतलेली परवानगी उद्या तक्रार आली की कामाची राहत नाही.

वयाचा मुद्दा विद्यार्थी विसरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि त्याखेरीजही अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची संमती घेणे हा संशोधनातील रूढ संकेत आहे. अकरावी-बारावीचे बहुतेक आणि प्रथम वर्षाचे काही विद्यार्थी १८ च्या आतले असतात. पालकांकडून ‘धर्माविषयीच्या प्रश्नांना’ सहीनिशी संमती मागणे म्हणजे मुलाच्या उत्तरांत घरच्यांचे डोकावणे ओढवून घेणे होय. त्यापेक्षा तृतीय वर्षाचा वर्ग निवडावा आणि सूचनेत ‘१८ वर्षे पूर्ण झालेल्यांनीच भरावे, इतरांनी कागद कोरा परत करावा’ असे लिहावे.

तिसरी पायरी: प्रश्नांची मराठी

मराठीत प्रश्नावली लिहिताना काही अडचणी मराठीच्याच असतात. इंग्रजी नमुना भाषांतरित करून घेतला की त्या हमखास निसटतात, म्हणून इथे थोडा वेळ घालवते.

पहिली अडचण ‘धार्मिक’ या शब्दाचीच आहे. ‘तुम्ही किती धार्मिक आहात?’ असे विचारले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर पहाटे उठून देवपूजा करणारी आजी उभी राहते आणि तो ‘फारसा नाही’ असे लिहितो. तोच मुलगा परीक्षेच्या सकाळी देवाला हात जोडल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. ‘देवाला मानतो, पण देवदेव करत नाही’ हे वाक्य मी असंख्य विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे, आणि त्यात श्रद्धा व आचरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून श्रद्धा, आचरण आणि इतरांविषयीचा दृष्टिकोन यांचे प्रश्न वेगवेगळे ठेवावेत आणि ‘धार्मिक’ हा शब्द प्रश्नात न आणता प्रत्यक्ष कृती विचारावी. ‘अंधश्रद्धा’, ‘कर्मकांड’, ‘कट्टर’, ‘पुरोगामी’ हे शब्द तर निकाल आधीच देऊन टाकतात. ते प्रश्नावलीत कुठेही असू नयेत.

दुसरी अडचण अशी की, बहुतेक मसुदे नकळत एकाच धर्माच्या घरात लिहिलेले असतात. ‘तुम्ही मंदिरात किती वेळा जाता?’, ‘तुम्ही देव मानता का?’ हे प्रश्न लिहिणाऱ्याला साधे वाटतात. बौद्ध विद्यार्थ्याला मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागते आणि तो अश्रद्ध गटात जाऊन बसतो, जरी तो दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जात असला तरी. उपवासाचेही तसेच. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेली एकादशी, पाणीही न पिता धरलेला रोजा आणि पर्युषणातील उपवास यांना एकाच शब्दात कोंबता येत नाही. आमचा प्रश्न शेवटी असा ठरला:

‘गेल्या ३० दिवसांत, घरातील कोणी न सांगता, तुम्ही स्वतःहून पुढीलपैकी काही केले का? पूजा, नमाज, वंदना, प्रार्थना, जप, ध्यान, उपवास, रोजा, धर्मग्रंथाचे वाचन किंवा श्रवण.’ पर्याय: ‘एकदाही नाही’, ‘१ ते ३ वेळा’, ‘४ ते १० वेळा’, ‘त्याहून जास्त’, ‘उत्तर द्यायचे नाही’.

यात कोणती कृती केली ते वेगवेगळे विचारलेले नाही, हे लक्षात घ्यावे. ‘नमाज’ आणि ‘वंदना’ यांपुढे वेगवेगळ्या चौकटी दिल्या असत्या तर धर्माचा वगळलेला रकाना मागच्या दाराने परत आला असता. ‘नेहमी’, ‘कधीकधी’, ‘क्वचित’ हे शब्दही इथे टाळले आहेत, कारण रोज दोन वेळा आरती होणाऱ्या घरातल्या मुलीचे ‘कधीकधी’ आणि वर्षाला एक गणपती बसणाऱ्या घरातल्या मुलाचे ‘नेहमी’ यांची तुलना होऊ शकत नाही. ‘घरातील कोणी न सांगता’ हे शब्द काढले, तर उत्तर मुलाचे न राहता त्याच्या आईचे होते.

तिसरी अडचण ‘आपण’ या शब्दाची. आदरार्थी म्हणून विद्यार्थी ‘आपण सण साजरे करता का?’ असे लिहितात आणि पुढच्याच प्रश्नात ‘आपण सर्व धर्मांचा आदर केला पाहिजे का?’ असे येते, जिथे ‘आपण’ म्हणजे आम्ही सगळे. धर्माच्या प्रश्नावलीत ‘आपण’ आणि ‘आपला धर्म’ हे शब्द कोणाला आत घेतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, हा भाषेइतकाच नीतीचाही प्रश्न आहे. सर्वत्र ‘तुम्ही’ ठेवावे.

चौथी अडचण क्रियापदाची. ‘मी रोज प्रार्थना करतो’ अशी प्रथमपुरुषी विधाने देऊन सहमती मोजायची पद्धत आहे. पण मराठीत ‘करतो’ म्हटले की विधान मुलाचे होते, आणि ‘करतो/करते’ अशा तिरप्या रेघांनी भरलेले पान वाचवत नाही. त्यावर उपाय मराठीतच आहे: ‘मला असे वाटते की’, ‘माझ्या दृष्टीने’ किंवा ‘मी प्रार्थना केली’ अशी रचना, जिच्यात क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलत नाही.

आणि पाचवी, सर्वांत फसवी: ‘तरुणांमधील श्रद्धा कमी होत चालली आहे असे तुम्हाला वाटत नाही का?’ याला ‘हो’ म्हणणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे? ‘हो, वाटते’ की ‘हो, वाटत नाही’? नकारार्थी प्रश्न आणि नकारार्थी विधाने दोन्ही टाळावीत. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पाच टप्प्यांची पट्टी (‘पूर्णपणे सहमत’ पासून ‘पूर्णपणे असहमत’ पर्यंत) वापरताना तर ‘नाही’ असलेले विधान आणि ‘असहमत’ हा पर्याय एकत्र आले की हुशार विद्यार्थीही चुकीच्या चौकटीत खूण करतो. या पट्टीच्या मध्यावर ‘तटस्थ’ ठेवावे, पण ‘सांगता येत नाही’ आणि ‘उत्तर द्यायचे नाही’ हे दोन पर्याय त्यात मिसळू नयेत. ठाम मत नसणे, विचारच केलेला नसणे आणि सांगण्याची भीती वाटणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि धर्माच्या विषयात तिसरीचे प्रमाण कळणे हाच कित्येकदा खरा निष्कर्ष असतो.

चौथी पायरी: दुसऱ्या धर्माविषयीचे प्रश्न

‘सर्व धर्मांचा आदर केला पाहिजे’ या विधानाला वर्गातील जवळजवळ प्रत्येक जण सहमती देतो, आणि म्हणून ते विधान निरुपयोगी आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३०,००० प्रौढांच्या मुलाखती घेऊन २०२१ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणे फार महत्त्वाचे आहे असे ८४ टक्के लोकांनी सांगितले. त्याच पाहणीत आपल्या समाजातील स्त्रियांना धर्माबाहेर लग्न करण्यापासून रोखणे फार महत्त्वाचे आहे असे ६७ टक्के हिंदूंनी आणि ८० टक्के मुस्लिमांनीही सांगितले. माणसे खोटे बोलत होती असे यावरून म्हणता येत नाही. तत्त्व विचारले तेव्हा तत्त्व सांगितले, घरातला प्रसंग विचारला तेव्हा घरातले सांगितले.

त्यामुळे प्रसंग विचारावेत. यासाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमोरी बोगार्डस यांनी १९२५ च्या सुमारास मांडलेली सामाजिक अंतराची पट्टी उपयोगी पडते: दूरच्या संबंधापासून सुरुवात करून हळूहळू जवळच्या संबंधापर्यंत यायचे आणि माणूस कोणत्या पायरीवर थांबतो ते पाहायचे. मूळ पट्टीत समाजगटांची नावे घेतलेली असतात. वर्गात तसे करू नये. ‘मुस्लिम शेजारी चालेल का?’ हा प्रश्न ६४ जण वाचतात तेव्हा तो त्याच बाकांवर बसलेले आठ जणही वाचतात, आणि आपण चालतो की नाही यावर वर्ग मतदान करतो आहे असे त्यांना वाटते. नाव न घेता विचारल्याने कोणत्या गटाविषयी किती अंतर आहे ते कळत नाही. ही मर्यादा अहवालात एका वाक्यात मान्य करावी. तिच्यासाठी त्या आठ जणांना किंमत मोजायला लावू नये.

आमच्या प्रश्नावलीत हा भाग असा होता. सुरुवातीला सूचना: ‘पुढील प्रत्येक प्रसंगी समोरची व्यक्ती तुमच्यापेक्षा वेगळ्या धर्माच्या कुटुंबातील आहे असे समजा.’ मग सहा प्रसंग: एकत्र डबा खाणे, वसतिगृहात एका खोलीत राहणे, तिच्या घरी सणाला जेवायला जाणे, तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत तिला घर भाड्याने मिळणे, तुमच्या घरातील मुलाने अशा व्यक्तीशी लग्न करणे आणि तुमच्या घरातील मुलीने अशा व्यक्तीशी लग्न करणे. प्रत्येकापुढे दोन उत्तरे: ‘माझी हरकत’ आणि ‘माझ्या मते घरच्यांची हरकत’. शेवटचे दोन प्रसंग मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, कारण ‘घरातील कोणी’ असे लिहिले तर काही जण भावाचा विचार करून उत्तर देतात आणि काही जण बहिणीचा, आणि या दोन उत्तरांत मोठी तफावत असू शकते. ‘घरच्यांची हरकत’ हा रकाना असल्याने विद्यार्थ्याला आपले मत घरच्यांच्या मतापासून सोडवून घेता येते; तो नसला की दोन्ही मते एकाच खुणेत मिसळतात.

विचारू नयेत असे प्रश्नही ठरवून ठेवावेत. धर्मांतर करावेसे वाटले का, घरात आंतरधर्मीय संबंध आहेत का, कोणत्या पक्षाला मत देता, अमुक दंगलीत चूक कोणाची, हे प्रश्न विद्यार्थी-प्रकल्पाच्या आवाक्यातले नाहीत. उत्तर बाहेर फुटले तर विद्यार्थ्याच्या घरी काय होईल, याची जबाबदारी घेण्याची यंत्रणा आपल्यापाशी नसते.

पाचवी पायरी: सहा जणांवर चाचणी

मसुदा दुसऱ्या वर्गातील पाच-सहा जणांना, शक्यतो निरनिराळ्या घरांतून आलेल्या, एकेकट्याने भरायला द्यावा आणि प्रत्येक प्रश्नाला ‘याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग’ असे विचारावे. उत्तरे नोंदवू नयेत, फक्त अर्थ नोंदवावा. आमच्या चाचणीत ‘गेल्या ३० दिवसांत प्रार्थनास्थळी गेला होतात का?’ या प्रश्नाला एकाने ‘रोज’ लिहिले होते. विचारल्यावर कळले की, कॉलेजच्या वाटेवरील मारुतीच्या देवळासमोर तो दुचाकीवरूनच, गाडी न थांबवता, उजवा हात छातीला लावून ओठांना नेतो. हे जाणे आहे की नाही, यावर आमचा गट अर्धा तास भांडला आणि शेवटी प्रश्नात ‘आत जाऊन’ हे शब्द आले.

दुसरी चूक अधिक महत्त्वाची होती. डब्याच्या प्रश्नावर एका मुलीने ‘हरकत आहे’ अशी खूण केली होती. कारण विचारता ती म्हणाली, ‘मला धर्माचं काही नाही, पण त्यांच्या डब्यात मासे असतात.’ म्हणजे आम्ही धर्म मोजतो आहोत असे समजून शाकाहार मोजत होतो. प्रसंगात ‘दोघांनाही चालणारे पदार्थ आहेत असे समजून’ ही भर घातली. (त्यावर गटातील एकाने विचारले की, महाराष्ट्रात कोणाच्या डब्यात काय आहे हे धर्मापासून वेगळे काढता येते का? प्रश्न बरोबर होता, पण तो दुसऱ्या प्रकल्पाचा होता.)

चाचणीतच वेळही मोजावा. अठरा-वीस प्रश्न आणि दहा मिनिटे यांपुढे गेले की शेवटच्या पानावर एकाच उभ्या ओळीत खुणा होऊ लागतात. पुरे भरलेल्या कागदावर सलग दहा खुणा एकाच रकान्यात दिसल्या, तर तो कागद न वाचता भरलेला आहे असे समजावे.

सहावी पायरी: भरून घेण्याचा दिवस

दिवस निवडताना दिनदर्शिका पाहावी. श्रावण, गणेशोत्सव, रमजान, पर्युषण किंवा मार्गशीर्षातील गुरुवार यांच्या काळात ‘गेल्या ३० दिवसांतील’ आचरण विचारले तर कोणत्या ना कोणत्या गटाचे आकडे फुगतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सर्वांचेच फुगतात. शहरात धर्मावरून तणाव असेल तर काम पुढे ढकलावे, मग प्रकल्पाची तारीख उलटली तरी चालेल.

तोंडी मुलाखत घेऊ नये. आपल्याकडे विचारणाऱ्याचे आडनाव ऐकताच समोरचा त्याचा धर्म आणि पुष्कळदा जातही ओळखतो आणि उत्तर त्याप्रमाणे वळवतो. छापील कागद आणि बंद पेटी ही जुनीच पद्धत इथे उत्तम आहे. पहिल्या पानावर एवढा मजकूर पुरतो: ‘हा तृतीय वर्षाचा अभ्यास-प्रकल्प आहे. भाग घेणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. हजेरी किंवा गुणांशी याचा संबंध नाही. कोणताही प्रश्न सोडता येईल. नाव किंवा क्रमांक लिहू नका. कागद पेटीत टाकल्यावर तो तुमचा म्हणून ओळखता येणार नाही, त्यामुळे परत मागताही येणार नाही. भरलेला कागद ही तुमची संमती समजली जाईल.’ संमतीची सही वेगळ्या कागदावर घेण्याचा सल्ला काही जण देतात. पण निनावी सर्वेक्षणात सह्यांची यादी हा नावांचा एकमेव पुरावा ठरतो, म्हणून ती नको.

नकार देण्याची सोय मात्र खरी असावी. ‘ज्यांना भरायचे नाही त्यांनी बाहेर जावे’ असे म्हटले की बाहेर जाणारा सगळ्यांच्या नजरेत भरतो. त्याऐवजी सर्वांना कागद द्यावा, सर्वांनी दहा मिनिटे बसावे आणि सर्वांनी, भरलेला असो वा कोरा, घडी घालून पेटीत टाकावा. शिक्षकांनी त्या वेळी वर्गात थांबू नये. सर्वांना एकाच रंगाचे पेन द्यावे आणि मोकळ्या उत्तराचा प्रश्न ठेवू नये, कारण तीन वर्षे एकमेकांच्या वह्या उतरवून घेतलेल्या वर्गात अक्षर ओळखायला क्षणही लागत नाही. पेटी उघडण्याआधी हलवून कागद मिसळून घ्यावेत.

गूगल फॉर्म वापरायचाच असेल, तर Settings मध्ये Collect email addresses हे Do not collect वर ठेवावे, Limit to 1 response बंद ठेवावे (ते चालू केले की खात्यातून प्रवेश करावा लागतो आणि भरणाऱ्याचा विश्वास उडतो) आणि कोणत्याही प्रश्नाला Required लावू नये. उत्तरांच्या तक्त्यात Timestamp हा रकाना आपोआप येतो. वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकल्यावर ‘भरला’ असा संदेश पहिल्यांदा कोणी टाकला हे सर्वांना दिसत असल्याने, विश्लेषणाआधी ओळींचा क्रम विस्कटून तो रकाना पुसून टाकावा.

सातवी पायरी: तक्ते आणि कागदांची विल्हेवाट

समजा, त्या दिवशी ६६ जण हजर होते, ५ कागद कोरे आले आणि ६१ भरलेले मिळाले. कोऱ्या कागदांची संख्या अहवालात लिहावी. लिंगानुसार ३४ मुली, २५ मुलगे आणि २ ‘सांगायचे नाही’ असे निघाले, तर त्या दोघांची ओळ छापायची नाही. पण एकूण ६१ आणि बाकीच्या दोन ओळी छापल्या, तर वजाबाकीने ती ओळ परत मिळते, म्हणून त्या तक्त्यात एकूण ५९ देऊन ‘लिंग नोंदवलेल्यांपुरते’ असे लिहावे आणि त्याच प्रश्नाचा ६१ जणांचा आकडा दुसरीकडे देऊ नये. पाचपेक्षा कमी माणसांची चौकट छापू नये, हा प्रचलित संकेत मी वर्गासाठी आठवर नेला आहे.

मोठी चौकटही कधीकधी सुरक्षित नसते. समजा, वसतिगृहात राहणारे नऊ मुलगे आहेत आणि नऊच्या नऊ जणांनी वेगळ्या धर्माच्या सहनिवासीला ‘हरकत आहे’ असे लिहिले. चौकटीत नऊ जण आहेत, तरी प्रत्येकाचे उत्तर आता जगजाहीर झाले, कारण सगळ्यांचे उत्तर एकच आहे. अशा ठिकाणी राहण्याच्या ठिकाणानुसार केलेली विभागणीच काढून टाकावी आणि पूर्ण वर्गाचा आकडा द्यावा. हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे, प्रत्येक तक्ता छापण्याआधी हजेरीपट समोर ठेवून ‘या चौकटीतले कोण?’ असे स्वतःला विचारणे. एकाही चौकटीला उत्तर सापडले, तर तक्ता परत आखायचा.

सादरीकरणात आणि तोंडी परीक्षेतही हीच शिस्त पाळावी. बाह्य परीक्षकांनी ‘यात अल्पसंख्याक किती होते?’ असे विचारले, तर ‘तो प्रश्न मुद्दाम वगळला आहे’ हे उत्तर आणि त्यामागचे चार जणांचे गणित तयार असावे. आमच्या गटाला तोच प्रश्न आला होता, आणि परीक्षकांनी गणित वहीत उतरवून घेतले.

कागद गटातील एकाच व्यक्तीने मार्गदर्शकांच्या कपाटात ठेवावेत. त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत. निकाल जाहीर झाल्यावर आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत संपल्यावर गटातील दोघांनी मिळून ते फाडून टाकावेत, संगणकावरील फाइल पुसावी, आणि तसे केल्याची तारीखवार नोंद मार्गदर्शकांकडे द्यावी.